पहिल्यांदाच समुद्रातून हॅवलॉकला: बोट लागू नये म्हणून काय करावं?

मंजू_डोंबिवली

डिसेंबरच्या शेवटी आम्ही अंदमानला निघालोय. पोर्ट ब्लेअरहून हॅवलॉकला (आता स्वराज द्वीप म्हणतात) खाजगी कॅटामरानची तिकिटं काढायची आहेत. दीड-दोन तासांचा प्रवास, बंद एसी केबिन. आमच्यापैकी कुणीही याआधी खोल समुद्रात गेलेलं नाही.

मुलगी आठ वर्षांची. माळशेज घाटात दर वेळी तिला गाडी लागते. मला मायग्रेन आहे. सासरे अडुसष्ट वर्षांचे, त्यांना काचबिंदू आहे, रोज थेंब घालतात. नवऱ्याला आजवर कशाचाच त्रास झालेला नाही, त्यामुळे तो म्हणतो की उगीच घाबरते आहेस. सगळीकडे एकच सल्ला मिळतोय, "क्षितिजाकडे बघत बसा". पण का बघायचं? आणि केबिनमधून क्षितिज दिसलंच नाही तर काय? सीट निवडण्यापासून गोळीपर्यंत सगळं सांगा, प्लीज.

भटकंती_सुहास

सोप्पं आहे ताई. सकाळी पोटात काही घालू नका, पोट रिकामं असलं की उलटी कशाची होणार? लिंबू हुंगत बसा. आणि मुलीला एमसेट द्या, उलटीवर मुलांचे डॉक्टर तेच देतात. आम्ही गेलो तेव्हा समुद्र तळ्यासारखा शांत होता, काही झालं नाही.

कानसेन

सुहास, तीनपैकी दोन गोष्टींवर माझं वेगळं मत आहे. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एमसेट म्हणजे ऑन्डानसेट्रॉन. पोट बिघडल्यामुळे किंवा केमोथेरपीमुळे होणाऱ्या उलट्यांवर ते उत्तम चालतं. बोट लागण्याची सुरुवात मात्र आतल्या कानापासून होते, आणि तिथून सुरू झालेली मळमळ या औषधाने फारशी अडत नाही. घरात आहे म्हणून बरेच पालक तेच देतात आणि मग "गोळी देऊनही उलटी झाली" म्हणतात.

रिकाम्या पोटाचंही तसंच. पोट रिकामं असलं तरी मळमळ थांबत नाही, नुसत्या कोरड्या उबळी येतात आणि त्यांनी माणूस जास्त गळून जातो. बोटीच्या दीड-दोन तास आधी थोडं, कोरडं, कमी तेलाचं खा. इडली, टोस्ट किंवा साधी पोळी चालेल. पुरी-भाजी आणि दुधाचा मोठा कप टाळा. लिंबू हुंगायला काहीच हरकत नाही. डिझेलचा किंवा शेजाऱ्याच्या डब्याचा वास त्याने झाकला जातो, एवढा उपयोग आहे.

आता मूळ प्रश्न. आतल्या कानात दोन प्रकारची यंत्रणा असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोक्याचं फिरणं ओळखतात. शेजारच्या दोन छोट्या पिशव्यांमध्ये चुन्याचे बारीक कण असतात, त्यांच्यामुळे वर-खाली जाणं आणि गुरुत्वाकर्षणाची दिशा कळते. बोट वर गेली की कान मेंदूला सांगतो, "आपण वर चाललोय". त्याच वेळी डोळ्यांसमोर काय असतं? केबिनची भिंत, पुढची सीट, हातातला फोन. हे सगळं तुमच्याबरोबरच वर जातं, म्हणून डोळे सांगतात, "काहीच हललेलं नाही". हा विसंवाद मिटला नाही की जांभया, तोंडाला पाणी, थंड घाम आणि शेवटी मळमळ. रीझन आणि ब्रँड या दोघांनी १९७५च्या सुमारास ही मांडणी नीट केली आणि आजही बहुतेक लोक तीच धरून चालतात.

बोटीबरोबर न हलणारी, समोर दिसणारी एकच मोठी गोष्ट म्हणजे क्षितिज. तिकडे पाहिलं की बोट तिरकी झाल्याचं डोळ्यांनाही दिसतं, आणि डोळे-कान एकच बातमी देऊ लागतात.

प्रथमेश_रत्नागिरी

मग डोळेच मिटून घ्यावेत ना! डोळे बंद म्हणजे भांडणातला एक पक्षच गप्प. मी एसटीत हेच करतो.

कानसेन

अर्धं बरोबर आहे, प्रथमेश. भिंतीकडे किंवा फोनकडे बघण्यापेक्षा डोळे मिटणं नक्की बरं. पण मिटल्याने त्रास कमी होतो, संपत नाही. जन्मापासून न दिसणाऱ्या माणसांनाही बोट लागते. म्हणजे मेंदूची तुलना फक्त डोळे आणि कान यांच्यात नसते. आत्ता जे जाणवतंय ते आणि नेहमीच्या अनुभवावरून जे अपेक्षित होतं ते, यांचाही मेळ तो घालत असतो.

याच्या उलट, आतला कान पूर्ण निकामी असलेल्यांना बोट लागतच नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकी नौदल आणि नासाने गॅलॉडेट कॉलेजातल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर बरेच प्रयोग केले. त्यातल्या बहुतेकांची श्रवणशक्ती लहानपणी मेंदूज्वराने गेली होती आणि सोबत तोल सांभाळणारी यंत्रणाही. कॅनडात नोव्हा स्कॉशियाजवळच्या खवळलेल्या समुद्रात त्यांना बोटीने नेलं, तर ही मंडळी आरामात पत्ते खेळत बसली. संशोधकांनाच इतकी बोट लागली की प्रयोग गुंडाळावा लागला.

स्मिता_पुणे

डॉक्टर, मला अंथरुणात कूस बदलली की घर गरगर फिरतं, दहा-पंधरा सेकंदांत थांबतं. म्हणजे मलाही बोट लागणार का? मीही क्षितिजाकडे बघू का?

कानसेन

स्मिताताई, तुमचं वेगळं वाटतंय. कूस बदलल्यावर काही सेकंदच गरगरणं हे बहुतेकदा त्या चुन्याच्या कणांपैकी काही सुटून नलिकेत गेल्यामुळे होतं. त्यावर डोकं ठरावीक पद्धतीने वळवण्याचा इलाज असतो, तो जवळच्या कानाच्या डॉक्टरांकडून करून घ्या. क्षितिजाचा त्यावर उपयोग नाही.

सेकंडमेट_निवृत्त

डॉक्टरांनी कानाचं सांगितलं, मी बोटीचं सांगतो. बरीच वर्षं व्यापारी जहाजांवर डेक ऑफिसर होतो.

सगळ्याच हालचालींनी सारखं लागत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे संथपणे वर-खाली होणं, साधारण पाच सेकंदांत एक हेलकावा. स्पीडबोट लाटांवर ठाकठाक आपटते, कंबर दुखते, पण उलटी क्वचित होते. तीच बोट थांबवून लाटांवर संथ झुलू दिली की माणसं पांढरी पडायला लागतात.

मंजूताई, तुमच्या मार्गाचंच बघू. हॅवलॉक पोर्ट ब्लेअरच्या ईशान्येला आहे आणि डिसेंबरात तिथे वारा बहुधा ईशान्येकडूनच असतो. म्हणजे जाताना लाटा समोरून येणार. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, उचललं जाणार आणि आपटणार. झोपाळ्याच्या फळीवर बसल्यासारखं आहे हे: टोकाला सगळ्यात जास्त झोका, मधे कमी. म्हणून पुढच्या रांगा टाळा, मोठ्या काचेतून छान दिसतं म्हणून लोक त्याच आधी घेतात. मधल्या रांगा किंवा त्यांच्या जरा मागच्या घ्या, आणि दोन मजले असतील तर खालचा मजला. वरच्या मजल्याचं तिकीट महाग असतं, पण उंची वाढली की आडवं डोलणंही वाढतं.

परतताना लाटा मागून येतील. प्रवास मऊ वाटेल, आपटणं नसेल. पण वेगवान बोट आणि लाट एकाच दिशेला चालल्या की हेलकावा लांबतो, संथ होतो. जाताना काही झालं नाही म्हणून परतीला गोळी चुकवणारे बरेच असतात, आणि त्रास त्यांनाच होतो. तीच काळजी परतीलाही घ्या.

मंजू_डोंबिवली

हे फारच कामाचं. पण खालच्या मजल्यावर मधे बसलं तर क्षितिज दिसेल का? आणि काचेवर पाणी उडत राहिलं तर?

सेकंडमेट_निवृत्त

खिडकीलगतची सीट घ्या, दिसेल. डोळे पाण्यापासून पाच मीटर उंच असले तर क्षितिज साधारण आठ किलोमीटरवर असतं. खाली बसल्यावर थोडं जवळ येतं, पण कामाला तेवढं पुरे. नजर लांब, पाणी आणि आकाश मिळतात तिथे ठेवायची. बरेच जण खिडकीलगतच्या लाटा बघत बसतात. त्या स्वतःच वर-खाली होत असतात, त्यांनी गोंधळ वाढतो. कॅमेऱ्यातून किंवा दुर्बिणीतून क्षितिज बघणंही तसंच. झूम केलेलं चित्र हातातल्या थरथरीने उड्या मारतं.

काच ओली होऊन काही दिसेनासं झालं तर धडपड करू नका. डोकं सीटच्या पाठीला टेकवा, डोळे मिटा, श्वास सावकाश घ्या. डोकं सतत वळवत राहणं फार वाईट. पिशवीत वाकून काहीतरी शोधणं हे तर मळमळीला आमंत्रणच. पाणी, रुमाल आणि कागदी पिशवी बसण्याआधीच हाताशी ठेवा.

सरकारी बोटीला वेळ जास्त लागतो, अडीच तास धरा, पण उघड्या डेकवर उभं राहता येतं. मी असतो तर मुलीसाठी तीच घेतली असती.

कानसेन

इथे माझं मत थोडं वेगळं. मोकळी हवा आणि क्षितिज दोन्ही मिळतं हे खरं. पण आठ वर्षांच्या मुलीसाठी हेलकावे खाण्याचा काळही पाऊण तासाने वाढतो, आणि डेक उंचावर. शांत समुद्र असेल तर उघडा डेक, लाटा असतील तर खालच्या मजल्यावर मधे कमी वेळाचा प्रवास, असं मी ठरवलं असतं.

सेकंडमेट_निवृत्त

डॉक्टर, उंचीचा मुद्दा मान्य. तरी बंद केबिनमध्ये एकाला उलटी झाली की वासाने दहा जणांना होते, हे मी स्वतः पाहिलंय. डेकवर ती साखळी तुटते.

नाखवा_मालवण

आमच्याकडे स्नॉर्कलिंगला पर्यटक येतात. जाताना सगळे हसतखेळत, फोटो काढत. नांगर टाकला, इंजिन बंद केलं की दहा मिनिटांत अर्धे गप्प. बोट आडवी होते आणि लाटेवर डुलते, शिवाय सगळे खाली वाकून पट्टे बांधत असतात. साहेब म्हणाले ते खरं. मी त्यांना सांगतो, तयारी जेटीवरच करा. बोटीत बसून फिन्स चढवत राहू नका. आणि ज्याला लागतंय त्याला वाऱ्याकडे तोंड करून किनाऱ्यावरच्या झाडांकडे बघायला लावतो. घाबरू नकात, समुद्र कोणाक सोडणा नाय, आमका पण पयल्यांदा लागलेला.

उलटी येतेय असं वाटलं की मात्र त्याला वाऱ्याकडे पाठ करायला लावा. वाऱ्याकडे तोंड करून उलटी केली तर सगळं अंगावर येतं.

हॅवलॉकला एलिफंट बीचच्या बोटीत हेच होईल. डुबकी मारायचा पहिला नंबर मुलीचा लावा. पाण्यात उतरली की बहुतेकांना बरं वाटतं.

प्रथमेश_रत्नागिरी

एक शंका. मग बोट चालवणाऱ्याला का लागत नाही? तोही त्याच बोटीवर.

सेकंडमेट_निवृत्त

पुढची लाट कधी येणार हे त्याला आधी दिसतं, आणि सुकाणू त्याच्याच हातात असतं. शरीर आधीच तयार होतं. नवीन पोरांना लागायला लागलं की आम्ही त्यांना ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, उभं करायचो, समोर बघायला लावायचो. उभं राहायचं असेल तर पाय जरा फाकवून, गुडघे सैल. प्रवाशानेही समोर तोंड करून बसावं, उलटं किंवा आडवं नाही.

अभिजित_संशोधक

इथे एक भर घालतो. डोळे-कान विसंवाद हे एकच स्पष्टीकरण नाही. स्टॉफ्रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचं म्हणणं असं की शरीराचा तोल नीट सावरता येत नाही, अंग झुलत राहतं, त्यातून मळमळ येते. जहाजावर उभ्या असलेल्या माणसांनी जवळच्या वस्तूऐवजी क्षितिजाकडे पाहिलं तर त्यांच्या शरीराचं झुलणं कमी होतं, हे त्यांनी मोजून दाखवलंय. म्हणजे क्षितिज उपयोगी आहे यावर दोन्ही बाजूंचं एकमत. का, यावर अजून वाद आहे.

आणि या सगळ्यात उलटीच का व्हावी? ट्राइझमनने १९७७ मध्ये सुचवलं की इंद्रियांचा असा गोंधळ निसर्गात विषबाधेने होतो, म्हणून शरीर पोट रिकामं करतं. कल्पना आवडण्यासारखी, पण सिद्ध झाली म्हणता येणार नाही.

मंजू_डोंबिवली

गोळीबद्दल सांगा ना डॉक्टर. आणि आमच्यापैकी कोणाला धोका जास्त?

कानसेन

मुलगी आणि तुम्ही. दोन वर्षांखालच्या मुलांना सहसा लागत नाही, मग वाढत जातं आणि नऊ-दहा वर्षांच्या आसपास सगळ्यात जास्त असतं. मायग्रेनवाल्यांना जास्त लागतं. वय वाढल्यावर बहुधा कमी होतं, तेव्हा सासरे कदाचित तुमच्यापेक्षा बरे राहतील. तुमच्या यजमानांना घाटात काही होत नाही हे चांगलं लक्षण, पण समुद्रात काही होणार नाही याची हमी नाही.

आपल्याकडे सहज मिळणारी म्हणजे अव्होमिन, त्यात प्रोमेथाझिन थिओक्लेट २५ मिलिग्रॅम असतं. निरोगी मोठ्या माणसाने एक गोळी निघण्याआधी तास-दोन तास घ्यायची. वेळ इथे सगळ्यात महत्त्वाची. मळमळ सुरू झाली की पोटाचं काम मंदावतं, गोळी खाली सरकतच नाही, मग ती शोषली जात नाही किंवा उलटीत बाहेर पडते. सकाळी सातची बोट असेल तर साडेपाचला नाश्ता आणि गोळी, जेटीवर पोचल्यावर नाही. तुम्ही मायग्रेनची रोजची औषधं घेत असाल तर आधी विचारून घ्या.

मुलीसाठी साधारण अर्धी गोळी असते, पण तिचं वजन बघून तुमच्या बालरोगतज्ज्ञांनीच ठरवावं. आणि एकदा घरीच सुट्टीच्या दिवशी देऊन बघा. बहुतेक मुलं झोपाळतात, काही उलट चिडचिडी होतात. ते बोटीत कळण्यापेक्षा घरी कळलेलं बरं.

सासऱ्यांना मात्र ही गोळी स्वतःहून देऊ नका. काही प्रकारच्या काचबिंदूत अशा औषधांनी डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि प्रोस्टेट वाढलेली असेल तर लघवी अडू शकते. परदेशी नातेवाईक कानामागे लावायची पट्टी देतात, स्कोपोलामिनची. त्या प्रकारच्या काचबिंदूला तीही चालत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन करून नेमका प्रकार विचारा. ते नको म्हणाले तर मधली सीट, क्षितिज आणि टेकवलेलं डोकं यावर त्यांचं भागेल असं वाटतं.

गोळी घेतलेल्या कोणीही त्या दिवशी दारू घेऊ नये, आणि उतरल्यावर भाड्याची स्कूटर चालवू नये. हॅवलॉकला सगळे तेच करतात.

स्मिता_पुणे

आल्याची वडी? आणि तो मनगटाचा पट्टा?

कानसेन

आल्याचे पुरावे मिश्र आहेत, पण तोटा नाही. मुलीला वडी द्या, गोळीच्या बदली मात्र नाही. पट्ट्याबाबत मला खात्रीलायक काही दिसलेलं नाही.

देवगडचे_आजोबा

आम्ही लहानपणी मुंबईहून देवगडला आगबोटीने जायचो. डेकवर सतरंजी टाकून झोपायचो. आई आम्हाला उताणं झोपवायची आणि उठू द्यायची नाही. बसलेली मुलं ओकायची, झोपलेली नाही. आता हे खरं की मनाचं, तुम्हीच सांगा.

सेकंडमेट_निवृत्त

काका, खरं आहे. उताणं पडून डोकं स्थिर ठेवलं तर त्रास स्पष्ट कमी होतो. चार्ल्स डार्विन बीगल जहाजावर १८३१ ते १८३६ बोट लागून हैराण असायचा. तोही आडवा पडून राहायचा, आणि बेदाण्यांशिवाय फारसं काही पोटात टिकायचं नाही. बहुतेकांना दोन-तीन दिवसांत सवय होते, त्याला ती नीट कधीच झाली नाही.

मंजू_डोंबिवली

माझं ठरलं. जाताना सकाळची कॅटामरान, खालचा मजला, मधल्या रांगेत खिडकीची जागा मुलीला आणि सासऱ्यांना. मी आणि मुलगी गोळी, डॉक्टरांना विचारून. तिच्याकडून फोन काढून घेणार आणि गाण्यांच्या भेंड्या. सासऱ्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांना उद्या फोन करते. नवरा अजून "मला काही होत नाही" वरच आहे, त्याला हा धागा वाचायला दिलाय.

प्रथमेश_रत्नागिरी

भेंड्या मस्त. फक्त तिला आधी सांगा की जांभया यायला लागल्या किंवा तोंडाला पाणी सुटलं की लगेच सांगायचं. माझी भाची उलटी होईपर्यंत गप्प बसते.

भटकंती_सुहास

एमसेटचं माहीत नव्हतं, धन्यवाद डॉक्टर. आता माझा प्रश्न. मार्चमध्ये कोचीहून लक्षद्वीपला जहाजाने चाललोय, चौदा-पंधरा तास, बराचसा प्रवास रात्रीचा. अंधारात क्षितिजच नाही. तिथे काय?

सेकंडमेट_निवृत्त

रात्री बंकवर उताणा, डोळे मिटून, डोक्याला दोन्ही बाजूंनी उशी. बंक निवडता आला तर खालच्या डेकचा, जहाजाच्या मधोमध. उजाडलं की डेकवर ये. जहाज मोठं असल्याने आपटत नाही, पण हेलकावा संथ असतो, म्हणून मोठ्या जहाजावर लागत नाही असं धरून चालू नकोस. मार्चमध्ये अरबी समुद्र सहसा बरा असतो, पावसाळ्यासारखा नाही.

कानसेन

गोळी झोपण्याआधी घे, पण एक लक्षात ठेव. अव्होमिनची पेंग दुसऱ्या दिवशीही राहू शकते. लक्षद्वीपच्या बऱ्याच बेटांवर जहाज धक्क्याला लागत नाही, बाहेर समुद्रात थांबतं आणि लहान बोटीत उतरावं लागतं. दोन्ही बोटी हलत असताना झोपाळलेल्या माणसाने पाय टाकणं धोक्याचं. पेंग कमी आणणारं औषध तुला चालेल का, ते तुझ्या डॉक्टरांना निघण्याआधी विचार.

भटकंती_सुहास

आणि बेटावर उतरल्यावर जमीनच हलल्यासारखी वाटते म्हणतात, ते किती वेळ?

कानसेन

मेंदूने बोटीची सवय करून घेतलेली असते, ती सुटायला वेळ लागतो. काही तास, फार तर एक-दोन दिवस. आंघोळ करताना डोळे मिटले की जास्त जाणवतं, तेव्हा भिंतीला हात धर. महिनाभर राहिलं तर मात्र दाखवायला ये.